खाणावळीच्या काकूंना लिहिलेले पत्र



दरवर्षी निकाल लागले की आपल्या शाळेची काही मुले पुढच्या शिक्षणासाठी पुणे, भोपाळ, बंगलोरला जातात. खोली मिळाली की घरचा पहिला प्रश्न असतो, "जेवणाचे काय?" तीन-चार वर्षांनी ही मुले सामान बांधून परततात, तेव्हा कॉलेजच्या सरांना नमस्कार करून येतात आणि मेसवाल्यांचा हिशोब चुकता करून येतात. हिशोब झाला म्हणजे संबंध संपला असे पुष्कळांना वाटते. म्हणून आम्ही एका पत्राविषयी लिहीत आहोत.

आम्ही चौघे धार, देवास आणि खंडव्याकडून शिकायला इंदूरला आलो, ते 1989 साली. रामबागेत एक खोली घेतली आणि जवळच्याच एका काकूंकडे जेवण लावले. बी.एस्सी., एम.एस्सी. आणि बी.एड. होईपर्यंत, म्हणजे 1995 पर्यंत, त्याच घरी जेवलो. दुपारी डबा, रात्री पाटावर बसून जेवण, रविवारी सकाळी गोडाचे आणि रात्री सुट्टी. निघताना काहीतरी लिहून द्यावे असे ठरले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, मराठी फक्त घरातली. काकूंना मात्र मराठीच वाचता येत असे. शिवाय मोठी अडचण वेगळीच होती. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले तर ते रागावते. "मी काय परकी आहे का?" हे काकूंचे उत्तर आम्हांला आधीच ठाऊक होते.

तेव्हा आम्ही ठरवले की आभाराचे शब्द थोडे लिहायचे आणि हिशोब लिहायचा. काकूंना हिशोबच कळतो, त्यांची लाल वही सगळ्यांनी पाहिलेली.

वर्षातले दहा महिने आम्ही इंदुरात असायचो. तीनशे दिवसांची दोन वेळची जेवणे सहाशे, त्यातून रविवारच्या त्रेचाळीस रात्री वजा. म्हणजे एकाची वर्षाला 557 जेवणे, सहा वर्षांत 3,342. दर जेवणाला चार पोळ्या धरल्या तरी एकट्याच्या तेरा हजारांवर पोळ्या झाल्या! काकूंकडे बावीस जण जेवायचे. रोज पावणेदोनशे पोळ्या व्हायच्या. एक किलो कणकेच्या साधारण तीस पोळ्या होतात, म्हणजे रोज सहा किलो कणीक भिजायची. ती मळायला काकू आणि लाटायला एक बाई. हे आकडे मांडेपर्यंत त्यातले आमच्या लक्षातच आले नव्हते.

मग आम्ही खाड्याविषयी लिहिले. खाडा म्हणजे गैरहजेरीची वजावट. काकूंचा नियम असा, की सलग तीन दिवस बाहेर जायचे असेल आणि आदल्या संध्याकाळी सांगितले असेल तरच पैसे कापायचे. नव्या मुलांना हा नियम कडक वाटे. पण त्याचे कारण स्वयंपाकघरात आहे. मटकी, छोले रात्रीच भिजत पडतात, भाजी सकाळी लवकर मंडईतून येते, कणीक दहाच्या आत मळून होते. दुपारी बारा वाजता "आज जेवणार नाही" म्हटले तर वाचत काहीच नाही, उरते मात्र सगळे. उलट न सांगता पाहुणा आणला तर वरणात पाणी वाढते, पोळ्या दोन मिनिटांत होतात, पण भाजी वाढत नाही. ती कमी होते ती काकूंच्या ताटातून. हे आम्ही एकदा नजरेने पाहिले आणि त्यानंतर पाहुण्याची वर्दी आदल्या दिवशी देऊ लागलो.

डब्याचेही तसेच. गरम पोळी लगेच बंद केली तर वाफेने खाली ओली होते आणि दुपारपर्यंत चिकटते. काकू पोळ्या कापडावर पसरून वाफ गेल्यावरच घडी करून भरायच्या. त्यासाठी त्या आमच्या आधी पाऊण तास उठायच्या. जिथे ही पाऊण तासाची मेहनत नसते, तिथे पोळीत मैदा मिसळतात. ती गरम असताना मऊ लागते आणि गार झाली की चामड्यासारखी ताणते. मुलांनो, नवी मेस निवडताना एक दिवस डबा मागवून दुपारी उशिरा उघडून पाहा.

पत्रातला सर्वांत मोठा परिच्छेद मात्र उधारीचा होता. किराणावाल्याचे पैसे काकूंना पाच तारखेला द्यावे लागत. आमच्या मनीऑर्डरी यायच्या आठ ते बारा तारखेला. मधला आठवडा दरमहा काकूच सांभाळायच्या. आमच्यातल्या एकाच्या वडिलांचा पगार चार महिने अडकला. त्याने लाजेने रात्रीचे जेवण सोडायला सुरुवात केली. काकूंनी तिसऱ्या दिवशी निरोप पाठवला, "पैसे वहीत मागे राहू देत, जेवण मागे राहायला नको." पगार सुटल्यावर त्याने सगळे पैसे दिले, पण ते चार महिने बावीस जणांच्या जेवणात काही कमी झाले नाही. किराणावाल्याला काकूंनी काय सांगितले, ते आम्हांला आजपर्यंत कळलेले नाही.

त्याच मित्राला पुढे कावीळ झाली. डॉक्टरांनी हलके, कमी तेलाचे जेवण सांगितले. तीन आठवडे त्याची मुगाची खिचडी आणि पेज वेगळ्या पातेल्यात होत होती. वेगळे पातेले म्हणजे एक शेगडी अडकलेली आणि गॅस जास्त जळलेला. सिलिंडर मिळायला त्या काळी वाट पाहावी लागे. त्या खिचडीचे पैसे वहीत कुठेच नव्हते. पत्रात आम्ही ती ओळ स्वतः लिहिली, "खिचडी, तीन आठवडे, जमा करायची राहिली."

पत्राच्या आधी एक काम केले. चौघांनी वही मागवून बाकी शेवटच्या रुपयापर्यंत चुकती केली. बाकी ठेवून मानलेले आभार म्हणजे सवलत मागणेच होय. दुसरे असे, की आम्ही पत्राच्या दोन प्रती केल्या. दुसरी पोळ्या लाटणाऱ्या बाईंसाठी होती, त्यांचे नाव वर घालून. त्यांना वाचता येत नव्हते, काकूंनीच वाचून दाखवली. बाईंनी ती पदराच्या गाठीला बांधून घरी नेली, मुलाकडून पुन्हा ऐकायला.

काकूंनी आमची प्रत वाचली आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाल्या, "हे काय, घरच्यांना पत्र लिहितात का?" मग वही काढून आमच्या पानावर "खाते पूर्ण" असे लिहिले आणि पत्र त्या पानात घालून ठेवले.

आता यंदा निघणाऱ्या मुलांसाठी. घरी परतण्याच्या आठ दिवस आधी बाकी चुकती करा. शेवटच्या दिवशी गर्दीत नको, आधी एका दुपारी जाऊन पत्र द्या. "जेवण छान होते" एवढेच लिहू नका. कोणत्या दिवशी, काय आणि कोणी केले ते लिहा. भांडी घासणाऱ्या आणि डबा पोचवणाऱ्या माणसाचे नाव त्यात असू द्या, नाव माहीत नसेल तर आजच विचारून घ्या. पालकांनी महिन्याचे पैसे पाच तारखेच्या आत पोचतील असे पाहावे. तुमच्या मुलाच्या ताटासाठी मधले दिवस कोणीतरी आपल्या खिशातून काढत असते.