उतरलेल्या सात किलोंचा हिशेब

पोखर्णीच्या नृसिंह मंदिरात दर्शनानंतर खाली बसले आणि हात टेकल्याशिवाय उठता येईना, तेव्हा सहा आठवड्यांत उतरलेल्या 7 किलोंचा खरा हिशेब मला कळला. भाकरी-वरण सोडून मी केवळ ताक आणि फळांवर राहिले होते. शरीराला ती हौस कळत नाही, त्याला दुष्काळच दिसतो. ते खर्च आवरते, विश्रांतीतही कमी ऊर्जा जाळते आणि प्रथिने तुटपुंजी पडली की स्नायू मोडू लागते. माझ्या 7 किलोंत मांड्यांचे मांसही गेले होते; वजनकाट्याला हा भेद कळत नाही.

पुढे जेवण पूर्ववत झाले, पण आवरलेल्या खर्चाला तेही जास्त होते. आठ महिन्यांत वजन परतले, ते बहुतांशी चरबीच्या रूपाने. उतारवयात गेलेला स्नायू सहजी भरून येत नाही. आता काट्याआधी मी खुर्ची गाठते. हात छातीशी धरून पाच वेळा उठबस करण्यास 15 सेकंदांहून अधिक लागले, तर पायांतले बळ घटल्याची शंका घ्यावी. पहिल्यांदा मला 22 लागले, परवा 17. ताटात घट्ट वरण परतले आहे. वजनाचे काय, ते सावकाश पाहू.