टोकन देण्याआधी कुलपाची चौकशी!

फ्लॅट बघायला गेल्यावर आपण काय काय बघतो? पाणी चोवीस तास आहे का, पार्किंग कव्हर्ड आहे का, बाल्कनीतून समोरच्याचं किचन दिसतं का, बॅचलर्स चालतात का. भाडं आणि डिपॉझिटवर तर अर्धा तास घासाघीस होते. आणि मग एजंट म्हणतो, ‘‘मॅडम, दोन पार्ट्या लाइनमध्ये आहेत, टोकन टाकून ठेवा.’’ की आपण फोन काढतो आणि पाच-दहा हजार पाठवून मोकळे! ‘मधेच सोडावं लागलं तर काय?’ हा प्रश्न मात्र कुणाच्या ओठावर येत नाही. लग्न ठरवताना घटस्फोटाचं काय विचारायचं, असं वाटत असावं बहुतेक.

मला विचारणं भागच होतं. बाणेरचा टू बीएचके आवडला होता, भाडं चोवीस हजार, डिपॉझिट एक लाख, एक जूनपासून अकरा महिने. पण ऑफिसात प्रोजेक्ट बंगळुरूला हलायची कुजबुज सुरू होती. जाणार की नाही, कधी जाणार, कुणालाच धड ठाऊक नाही. तेव्हा टोकनच्या आधीच मी एजंटला विचारलं, ‘‘लॉक-इन किती आहे? आणि मधेच सोडलं तर किती कापणार?’’

‘‘अहो, स्टँडर्ड अ‍ॅग्रीमेंट असतं. सहा महिने लॉक-इन, एक महिना नोटीस. सगळे तेच करतात.’’

आता या ‘स्टँडर्ड’ची गंमत बघा. लॉक-इन म्हणजे ज्या मुदतीत करार मोडायचा नाही ती मुदत. पण ती किती असावी, किंबहुना असावीच का, हे कुठलाही कायदा सांगत नाही. दोघांनी मिळून ठरवायची ती अट. त्यामुळे एजंटच्या एका वाक्यातून वेगवेगळे अर्थ निघू शकतात, आणि त्यांची किंमतही वेगवेगळी असते. मी चक्क पेन-कागद घेऊन बसले.

समजा, एक सप्टेंबरला मी नोटीस दिली आणि तीस सप्टेंबरला घर सोडलं. राहून झाले चार महिने. करारात ‘लॉक-इनचं उरलेलं भाडं द्यावं लागेल’ असं असेल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे मिळून अठ्ठेचाळीस हजार गेले. पण वाक्य ‘लॉक-इन संपल्यावर एक महिन्याची नोटीस देऊन’ असं असेल तर? मग माझी सप्टेंबरमधली नोटीस मुळात नोटीसच नाही! ती एक डिसेंबरलाच देता येणार, म्हणजे डिसेंबरचंही भाडं माझ्याच माथी. झाले बहात्तर हजार. आणि ‘लॉक-इनमध्ये सोडल्यास एक महिन्याचं भाडं’ एवढंच लिहिलेलं असेल तर फक्त चोवीस. तेच घर, तीच तारीख, पण लाखाच्या डिपॉझिटमधून हातात येणार कुठे शहात्तर हजार, कुठे बावन्न, तर कुठे अठ्ठावीस. काही ड्राफ्टमध्ये ‘डिपॉझिट जप्त’ असे दोनच शब्द असतात. तिथे हातावर तुरी.

म्हणून एजंटच्या तोंडी आश्वासनावर न थांबता मी ड्राफ्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला. ‘‘टोकन आलं की ड्राफ्ट बनवतो,’’ असं उत्तर आलं. मी म्हटलं, ‘‘नवा नको, याच मालकांचा मागच्या भाडेकरूबरोबरचा चालेल, नावं झाकून पाठवा.’’ ही युक्ती लक्षात ठेवा, कारण कलमं बहुतेक वेळा तीच असतात, फक्त नाव आणि आकडे बदलतात.

ड्राफ्ट आला आणि त्यात बहात्तर हजारवालं वाक्य होतं! शिवाय आणखी एक. मला सहा महिने हलता येणार नव्हतं, पण मालकांना मात्र ‘कधीही एक महिन्याची नोटीस देऊन’ घर रिकामं करून घेता येणार होतं. कुलूप एकाच बाजूला. हे फार नेमाने घडतं आणि फार कमी जण वाचतात, कारण ही दोन वाक्यं सहसा एका पानावर नसतातच. लॉक-इन एका कलमात, मालकाचे हक्क दोन पानं पुढे.

मग मी मालकांनाच फोन लावला. साठीतले काका, आवाज जरा करडा. सरळ विचारलं, ‘‘काका, सहा महिने कशासाठी हवेत तुम्हाला?’’ ते म्हणाले, ‘‘अगं, मागचा मुलगा तीन महिन्यांत गेला. मला पुन्हा रंग काढावा लागला, एजंटला पैसे, आणि फ्लॅट महिनाभर रिकामा. मेंटेनन्स कोण भरणार?’’

खरं सांगू? मला ते पटलं. लॉक-इन हा मालकाचा दुष्टपणा नव्हे, त्यामागे खराखुरा खर्च असतो. पण तो खर्च तीन महिन्यांच्या भाड्याएवढा नक्कीच नसतो. भारतीय करार कायद्याचं १८७२ सालचं कलम ७४ याच अंगाने जातं. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो वरची मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाईच देतं. ऐकायला झकास! पण डिपॉझिट आधीच मालकाच्या खात्यात असतं. ते कापून घ्यायला त्यांना कोर्टात जावं लागत नाही, परत मिळवायला आपल्याला जावं लागतं. नव्या शहरात नव्या नोकरीवर रुजू झालेला माणूस तीस-चाळीस हजारांसाठी पुण्याच्या तारखा करणार आहे का? म्हणून हा आकडा सही करण्याआधी कमी करायचा असतो.

काकांना मी म्हटलं, ‘‘लॉक-इन तीन महिने ठेवा, पण दोघांनाही. त्याआत मी गेले तर एक महिन्याचं भाडं तुमचं, बाकी डिपॉझिट परत. आणि नोटीस लॉक-इन चालू असतानाही देता यावी.’’ काका तीनवर काही येईनात. शेवटी चार महिन्यांवर गाडी थांबली, पण बाकी दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. मी बदली भाडेकरू आणून दिला तर दंडही नाही, हे त्यांनी स्वतःहून सुचवलं! एजंट मात्र दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होता.

मान्य झालेलं सगळं फायनल ड्राफ्टमध्ये आलंय ना, हे अंगठा लावण्याआधी तपासायला हवं. हल्ली बायोमेट्रिक मशीन घेऊन माणूस घरी येतो, पाच मिनिटांत फोटो, अंगठा, विषय संपला. तेव्हा वाचायला वेळ नसतो, म्हणून मी पीडीएफ आदल्या रात्रीच मागवली. एका जागी सहा महिने तसेच राहिले होते, ते बदलून घेतले. आणि ‘नोंदणी कशाला, शंभराच्या स्टँपवर करू’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवाच, आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे.

आता एप्रिलमध्ये अकरा महिने भरतील. प्रोजेक्ट अजून पुण्यातच आहे, कुजबुजही चालूच आहे. काका करार पुढे वाढवायला तयार आहेत, भाडं थोडं वाढवून. पण वाढवणं म्हणजे नवा करार, आणि एजंटने पाठवलेल्या नव्या ड्राफ्टमध्ये चार महिन्यांचं लॉक-इन पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतंय. जुना भाडेकरू, रंगाचा खर्च नाही, घर एक दिवसही रिकामं नाही, मग हे कुलूप कशासाठी? रविवारी काकांना फोन करणार आहे.