मृत गुरु

२०२१ सालच्या माघ महिन्यात आमच्या वडील बंधूंच्या कन्येचे टिपण एका घरी पाहण्यास दिले होते. मुलगा शिकलेला, मंडळी आमच्याच बेताची. आठ दिवसांनी टिपण परत आले आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी: ‘सप्तमेश गुरु मृतावस्थेत आहे, क्षमस्व.’ वहिनींनी ती वाचली आणि त्या मुकाट्याने स्वयंपाकघरात गेल्या. ग्रह नीचीचा म्हटले, अस्तंगत म्हटले, तर माणूस शांतीचा विचार करतो. मृत म्हटल्यावर काय करणार? आम्हांस या विषयाचा थोडाफार नाद असल्याने दादांनी ते टिपण आमच्यापुढे ठेवले.

ग्रहांच्या अवस्थांचा विचार बृहत्पाराशरी होराशास्त्रात आहे. त्यांतील बालादि अवस्था पाच: बाल, कुमार, युवा, वृद्ध आणि मृत. राशीचे तीस अंश. त्यांचे सहा-सहा अंशांचे पाच भाग करावयाचे. मेष, मिथुन, सिंह इत्यादि विषम राशींत पहिले सहा अंश बाल, मग कुमार याप्रमाणे चढत जाऊन शेवटचे सहा अंश मृत. वृषभ, कर्कादि सम राशींत हाच क्रम उलटा. आरंभी मृत आणि शेवटी बाल. बालाने चतुर्थांश फल द्यावे, कुमाराने अर्धे, युव्याने पूर्ण, वृद्धाने किंचित, आणि मृताने काहीच नाही, असे ग्रंथाचे मापन आहे.

सम राशीत क्रम का उलटला असेल, हे आम्हांस पुष्कळ दिवस उमगले नव्हते. एकदा पाटीवर दोन राशी शेजारी मांडल्या तेव्हा उलगडा झाला. मेषेत वाढत वाढत ग्रह अखेरीस मरतो. वृषभेत शिरला की तेथेही तो मृतच. मग वृद्ध, युवा, कुमार असा मागे फिरत तो पुन्हा बाल होतो आणि मिथुनेत बाल म्हणूनच प्रवेश करतो. क्रम उलटला नसता तर राशीची सीमा ओलांडताच मेलेला ग्रह एका कलेच्या अंतराने तान्हा झाला असता. अर्थात् ही अवस्था म्हणजे भरती-ओहोटीसारखी चढउताराची मापनपद्धति आहे. ग्रहाच्या तिरडीची कल्पना तीत नाही. मृत म्हणजे त्या मापाचा तळ. शिवाय फल द्यावयाचे नाही म्हटले की शुभही नाही आणि अशुभही नाही. मंगळ मृतावस्थेत आहे म्हणून मुलीचा मंगळदोष सुटला, असे म्हणणारा गृहस्थ मात्र आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे!

आता त्या मुलीच्या गुरूकडे वळू. तिचा जन्म १९९६ सालच्या एप्रिलच्या मध्यास, सकाळी दहाच्या सुमारास, लग्न मिथुन. सप्तमात धनु रास, आणि तिचा स्वामी गुरु तेथेच बसलेला. टिपणात अंश लिहिले होते सत्तावीस. धनु विषम रास, म्हणून चोविसाच्या पुढे मृत. येथवर चिठ्ठी लिहिणाऱ्याची चूक नव्हती. परंतु हे टिपण वहिनींच्या माहेरी टिळक पंचांगावरून केलेले होते. आम्ही चित्रापक्षाच्या पंचांगावरून गुरु काढला, तो तेवीस अंश व काही कला आला. म्हणजे मृत नव्हे, वृद्ध.

हा फरक गणिताच्या चुकीचा नाही. आकाशातील गुरु एकच. राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावयाचा याविषयी मतभेद आहे. टिळक पंचांग रेवतीच्या योगतारेपासून आरंभ धरते. चित्रापक्षाचे लोक चित्रा तारा आरंभापासून बरोबर एकशे ऐंशी अंशांवर धरतात. भारत सरकारने १९५२ साली नेमलेल्या पंचांग समितीनेही हाच दुसरा पक्ष स्वीकारला. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. कोणता ग्रह कोणत्या राशीत, एवढेच पाहावयाचे असेल तर चार अंशांनी बहुधा बिघडत नाही. पण अवस्थेचा एक भागच मुळी सहा अंशांचा! आम्ही हिशेब करून पाहिला, तो निम्म्याहून अधिक स्थानी पंचांग बदलले की अवस्था बदलते. ज्या मापाची चूक मोजावयाच्या वस्तूच्या दोनतृतीयांशाएवढी, त्या मापाने सोयरीक मोडावयाची म्हणजे धाडसच म्हणावयाचे.

बरे, पंचांगाचा वाद क्षणभर बाजूस ठेवू. त्याच ग्रंथात जाग्रत्, स्वप्न व सुषुप्ति अशा आणखी तीन अवस्था सांगितल्या आहेत. स्वराशीचा किंवा उच्चीचा ग्रह जागा, आणि तो पूर्ण फल देतो. हा गुरु स्वराशीचा आहे. त्यातून केंद्रात असल्याने हंस योगही होतो. म्हणजे एका पद्धतीने जो मेलेला, तोच दुसरीने टक्क जागा. दोन्ही वचने एकाच ग्रंथातील. तेव्हा एक उचलून दुसरे झाकणे न्यायाचे नव्हे. ग्रह प्रथम कोणत्या राशीत, कोणत्या स्थानी, कोणाच्या दृष्टीत आहे हे पाहावे, आणि त्यातून आलेल्या फलाचे माप कमीअधिक करण्यापुरती अवस्था लावावी, असे आमचे मत आहे. शिवाय मिथुन लग्नाला हाच गुरु दशमाचाही स्वामी. तो खरोखर निष्फळ असता तर मुलीच्या नोकरीतही ते दिसावयास हवे होते. ती तर बँकेत दोन बढत्या घेऊन बसली आहे!

आणखी एक गोष्ट. टिळक पंचांगाच्या मापाने गुरु त्या वर्षी मार्चच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत त्याच मृत भागात होता, कारण मे महिन्यात तो तेथूनच वक्री झाला. तीन महिन्यांहून अधिक काळ जन्मलेल्या साऱ्या मुलांचा गुरु मृत! आणि सूर्यापासून शनीपर्यंत सात ग्रह, प्रत्येक ग्रह पाचातला एक वेळ मृत भागात. तेव्हा सरासरीने पाचांतील चार पत्रिकांत एखादा तरी मेलेला ग्रह सापडावयाचाच.

हे सारे कागदावर मांडून आम्ही दादांना वाचून दाखविले. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “काका, त्यांच्या मुलाच्या पत्रिकेतले मेलेले मोजलेत का?” मोजले नव्हते. मोजले, तो शुक्र निघाला. दादा प्रथमच हसले. पण ‘त्यांना कळवावे काय’ या प्रश्नास ‘नको’ म्हणाले, आणि ते प्रकरण तेथेच संपले.

आमचे मात्र संपले नाही. २००९ साली आमच्या चिरंजीवांसाठी एक स्थळ आले होते. त्या मुलीचा शुक्र मिथुनेत पंचवीस अंशांवर होता, आणि ‘शुक्र मृत’ असा शेरा आम्हीच, मोठ्या आत्मविश्वासाने, लिहून पाठविला होता. पंचांग एकच पाहिले होते, आणि तेही टिळकांचे. त्या रात्री जुन्या कागदांची पेटी काढली. चित्रापक्षाने शुक्र एकवीस अंशांवर येतो, वृद्ध. त्या मुलीच्या वडिलांनी आपल्या हाताने सुरेख अक्षरांत उतरवून दिलेले ते टिपण अद्याप आमच्याच पेटीत होते. परत पाठवावयाचे राहूनच गेले होते.