शके सोळाशे चौतीस की चौऱ्याण्णव?

नागापूरच्या आमच्या जुन्या घरात सापडलेल्या मोडी कर्जरोख्याचे फोटो चुलतभावाने पाठवले आणि मी ते देवनागरीत टंकायला घेतले. पहिला नियम मनाशी ठरवला: जे दिसतं तेच लिहायचं. मूळ ओळ जिथे तुटते तिथेच तोडायची, ‘संवछरे’ असेल तर त्याचं ‘संवत्सरे’ करायचं नाही. मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते; त्यामुळे शब्द तोडणं हाच मुळात माझा अंदाज असतो. अक्षराची शंका असली की त्यापुढे (?) आणि अजिबात न दिसणाऱ्या भागासाठी [...], सोबत ओळीचा क्रमांक आणि त्या जागेचा कापलेला मोठा फोटो. जाणकाराला सगळा कागद पुन्हा चाळायला लावणं मला बरं वाटत नाही.

‘रु॥ १२५॥’ इथे थांबावं लागलं. पहिल्या दोन दंडांनी ‘रुपये’ हा शब्द आखूड केलाय, तर आकड्यापुढच्या दोन दंडांचा अर्थ अर्धा. म्हणजे एकशे साडेपंचवीस. टंकताना दोन्ही तसेच ठेवले, अर्थ टिपेत दिला.

खरी अडचण तारखेची. ‘शके १६?४ नंदननाम संवछरे कार्तिक शुध ५’. दहमचा आकडा घडीवर आला होता. तो ३ किंवा ९ वाटत होता. संवत्सराच्या नावावरून सुटेल असं वाटलं, पण संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. १६३४ आणि १६९४ दोन्ही नंदनच! मग खालची सुहूर सनाची ओळ पाहिली: ‘सलास [...] मया व अलफ’. सलास तीन, मया शंभर, अलफ हजार. मधला शब्द अशर, म्हणजे दहा असेल तर सन १११३, सबैन, म्हणजे सत्तर असेल तर ११७३. कार्तिकात सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १७१२ किंवा १७७२. साठ वर्षांचा फरक, आणि तोच शब्द त्याच घडीत गेलेला.

अंदाजाने एक सन ठेवला असता तर पुढे कुणीही तोच खरा धरला असता. म्हणून ‘१६[३/९?]४’ असं लिहून दोन्ही शक्यता, दोन्ही हिशेब जोडून नगरच्या एका जाणकारांकडे पाठवलं.

त्यांनी पहिलंच विचारलं, “समोरून उजेड टाकून फोटो काढलाय ना? कागद सपाट ठेवून बाजूने, तिरका उजेड पाडा आणि फक्त घडीचा काढा.”

भावाने खिडकीपाशी कागद ठेवून तसा फोटो काढला. घडीच्या पलीकडे शब्दाचं शेवटचं अक्षर उमटलं. “या हाताचा ‘न’ वर ‘नंदन’मध्ये दोनदा आहे, ताडून पाहा,” ते म्हणाले. ताडून पाहिला, जुळला. ‘अशर’च्या शेवटी ‘र’ येतो. सबैन. शके १६९४, म्हणजे १७७२. याच कार्तिकाच्या वद्य पक्षात थेऊरला माधवराव पेशवे वारले.

साक्षीदारांच्या नावांत दोन (?) अजून तसेच आहेत. या हातात ‘त’ आणि ‘न’ सारखेच दिसतात, आणि आडनाव दुसऱ्या कुठल्या ओळीत आलेलं नाही. ते मी काढलेले नाहीत.