उजव्या बाजूवरचा भरवसा

फ्रेंचमधला एखादा शब्दप्रयोग अडला की मी पूर्वी थेट समांतर मजकूर उघडत असे. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी. कुणीतरी आधीच अनुवाद करून ठेवलाय, मग कोश कशाला चाळायचा, असं माझं ठाम मत होतं. ते आता राहिलेलं नाही.

शांतिसेनेच्या एका अहवालात वाक्य होतं, ‘ला पात्रूय आ एसुइये दे तीर’. पात्रूय म्हणजे गस्तीचं पथक, तीर म्हणजे गोळीबार; पण एसुइये म्हणजे तर पुसणे! समांतर मजकुरात तीन ओळींत इंग्रजीची तीन वेगळी क्रियापदं निघाली. भिंगारमध्ये छावणीच्या कडेला राहत असल्याने शेजारी निवृत्त फौजी आहेतच. त्यांतल्या एका काकांना वाक्य सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, “कुणाला गोळी लागली का?” सुट्या ओळींत याचं उत्तर नव्हतं.

मग ‘ट्रेझॉर’ हा फ्रेंच-फ्रेंच कोश उघडला. छापील सोळा खंडांचा हा कोश आता फुकट बघता येतो. पुसण्याच्या पुढे लाक्षणिक अर्थ आहे: काहीतरी वाईट वाट्याला येणे. सोबत येणारी नामं वादळ, नकार, पराभव, गोळीबार अशी. म्हणजे गोळीबार आपल्यावर झाला एवढंच क्रियापद सांगतं; कुणी जखमी झालं की नाही, हे पुढच्या वाक्यात शोधायचं.

वापर आजचा आहे का, हे फ्रेंच बातम्यांत शोधून पाहिलं. इथे अवतरणचिन्हांत क्रियापदाचं मूळ रूप टाकून भागत नाही, कारण बातमीत ते भूतकाळात असतं:

```
"a essuyé des tirs" site:lemonde.fr
"ont essuyé des tirs" site:lemonde.fr
```

निकालांच्या आकड्याकडे मी बघत नाही, तो अंदाजाचा असतो. पाच-सहा बातम्या पूर्ण वाचते. एका बातमीत कुणी जखमी नाही, दुसरीत जीव गेलेले, आणि क्रियापद दोन्हीकडे तेच, म्हणजे कोशाचं म्हणणं पक्कं.

समांतर मजकूर मी सोडलेला नाही, फक्त शेवटी बघते. त्यातल्या संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात मूळ भाषा छापलेली असते. तिथे ‘मूळ: इंग्रजी’ असेल, तर समोरचं फ्रेंच हाच अनुवाद; फ्रेंच माणूस सहज काय लिहितो, याचा तो कमजोर पुरावा.

मराठीत ‘गोळीबार झेलला’ लिहायचा मोह झाला होता. पण झेलण्यात शौर्य येतं, आणि ‘गोळ्या झेलल्या’ म्हटलं तर त्या लागल्याच. फ्रेंचमध्ये दोन्ही नाही. शेवटी लिहिलं, ‘गस्ती पथकावर गोळीबार झाला’. नकार असता तर ‘नकार ऐकावा लागला’ लिहिलं असतं. मराठीत नाम बदललं की क्रियापदही बदलावं लागतं.

तेव्हा उजव्या बाजूची ओळ उचलण्याआधी दस्तऐवजाचा तो कोपरा एकदा बघाच.