मोटर नुसती हूं करते, फिरत नाही

सोयाबीन निघालं की हौदावरची, घरची छोटी मोटर लई दिवसांनी चालू होते आणि तवाच ही तक्रार येते. परवा चुलत भावाच्या वस्तीवर तसंच झालं. एक एचपी, सिंगल फेज मोनोब्लॉक. बटण दाबलं की नुसता हूं आवाज. मिस्त्री म्हणला, वाइंडिंग गेली, भरावी लागंल. भाऊ मोटर गाडीत टाकायला निघाला होता, मी म्हणलं आधी मीटर लावू.

असा आवाज आला की बटण लगेच बंद करायचं. अडकलेली मोटर नेहमीच्या कैक पट करंट ओढते, आणि त्यातच चांगली वाइंडिंग जळते.

लाईट मेनवरून बंद करून मागचा पंखा हातानं फिरवून पाहिला. मोकळा फिरला, म्हणजे पंप जाम नव्हता. व्होल्टेजही २२० होतं. मग राहिला कंडेन्सर. ह्याच्यात लाईट बंद केल्यावरही करंट साठून राहतो. काही जण पेचकसनं दोन्ही टोकं जोडून ठिणगी काढतात, ते मला पटत नाही. होल्डरमधल्या साध्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बची दोन्ही वायरं टोकांना थोडा वेळ लावली की तो रिकामा होतो. मग वायरी काढून मल्टिमीटर मायक्रोफॅरडवर ठेवला. कंडेन्सरवर २५ छापलेलं, मीटरनं दाखवलं ९. छापलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच टक्के कमी चालतं, एवढं नाही. वरून तो फुगलेला नव्हता, म्हणून नुसतं बघून कळलं नसतं.

तरी वाइंडिंग तपासलीच. मोटरमधून येणाऱ्या तिन्ही वायरी सगळीकडून सोडवल्या आणि मीटर ओहमवर घेतला. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो पुढं वजा करायचा. दोन-दोन वायरींत ४.२, ११.६ आणि १५.८ आले. ४.२ ही रनिंग, ११.६ ही स्टार्टिंग, आणि दोन्हींची बेरीज तिसऱ्या आकड्याइतकी. ज्या दोन वायरींत सगळ्यात जास्त आलं, त्यांच्यातून उरलेली तिसरी वायर कॉमन. मोटरीगणिक आकडे वेगळे येतील, पण बेरीज जुळली पाहिजे. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. बॉडी आणि वायरीत आकडा आला तर मोटरला हात लावू नका, शॉकचा धोका हाय.

एक मर्यादा सांगतो. दोन-चार वेढेच शॉर्ट असतील तर ओहमवर कळत नाही. आणि बॉडीला थोडी गळती असंल तर ती साध्या मीटरला दिसत नाही, त्याला मेगर लागतो.

नवा कंडेन्सर २५ चाच, ४४० व्होल्टचा घेतला. मोठा टाकला की मोटर जोरात चालंल असं काही जण समजतात, त्यानं स्टार्टिंगची वाइंडिंग तापते. बोअरच्या पॅनेलमध्ये कधीकधी दोन कंडेन्सर असतात, स्टार्टिंगचा आणि रनिंगचा; त्यांची अदलाबदल करू नका. वायरी जशा होत्या तशा जोडल्या, बटण दाबलं आणि संध्याकाळी जनावरांचा हौद भरला.