पदं वाढवली आणि उत्तर बिघडलं

शिकत असताना माझा एक पक्का समज होता: जास्त पदं घेतली की उत्तर जास्त अचूक. ऑयलरच्या या श्रेणीनं तो मोडला.

∫₀^∞ e⁻ᵗ/(1+xt) dt ~ 1 − x + 2!x² − 3!x³ + …

तुम्हीही x = 0.1 घेऊन बघा. पदं आधी लहान होत जातात. n = 10 चं पद जेमतेम 0.00036 आहे. पण n वं पद आधीच्या पदाच्या nx पट असतं, म्हणून n दहाच्या पुढे गेला की पदं फुगू लागतात. मी n = 30 पर्यंत बेरीज केली, तर शेवटचं पद एकटंच 265! x कितीही लहान घ्या, शून्य नसेल तर हे कधीतरी होणारच.

आता n = 9 पाशी थांबा. बेरीज येते 0.91546 आणि खरं उत्तर आहे 0.91563.

असं का होतं? आपण 1/(1+xt) ची भूमितीय श्रेणी मांडली. ती xt < 1, म्हणजे इथं t < 10 असेपर्यंतच चालते. इंटिग्रल मात्र अनंतापर्यंत जातं. n व्या पदातलं tⁿe⁻ᵗ हे t = n पाशी सर्वांत मोठं असतं. म्हणजे सुरुवातीच्या पदांचा भर हद्दीच्या आत असतो, दहानंतरच्या पदांचा बाहेर.

या श्रेणीत चूक सोडलेल्या पहिल्या पदापेक्षा कमीच राहते. म्हणून सर्वांत लहान पदाच्या आधी थांबायचं. त्याहून जास्त अचूकता ही बेरीज देत नाही. x = 1 घेतलात तर पदं 1, 1, 2, 6 अशी वाढतच जातात; तिथं थांबायला जागाच नाही.